त्र्याहत्तर वजा अठ्ठावीस

येडशीच्या वर्गातली टिपणं

*

आज फळ्यावर काही न लिहिता तोंडी गणित घातलं. "टोपलीत सेव्हन्टी-थ्री पेरू होते. त्यातले अठ्ठावीस विकले. राहिले किती?"

तिसरीचा वर्ग, सेमी इंग्रजी. म्हणजे बाकीचे विषय मराठीत आणि गणित इंग्रजीत. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात वाक्य मराठीत सुरू झालं, पहिला आकडा इंग्रजीत आला आणि दुसरा मराठीत. ठरवून केलं नाही, तोंडाला आलं तसं बोलले.

वह्या गोळा केल्या तेव्हा तीन उत्तरं निघाली : ४५, ३५ आणि ९. बरोबर आहे ते ४५. पण रात्री मी ३५ आणि ९ घेऊन बसले.

*

आधी ९.

त्या मुलाच्या वहीत मांडणी होती ८२ वजा ७३. उत्तर ९. वजाबाकी चोख. मग ८२ आलं कुठून? दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारलं.

"मॅडम, तुमी आधी आठ म्हणलाव की."

खरंच म्हणाले होते. अठ्ठावीस ऐकताना कानावर आधी आठ पडतो आणि मग वीस. त्याने ऐकलं त्याच क्रमाने डावीकडून लिहिलं, आठ आणि दोन. त्याच्या आधीच्या सेव्हन्टी-थ्रीमध्ये सत्तर आधी आला होता, म्हणून ते ७३ बरोबर उतरलं. मग ७३मधून ८२ जात नाहीत हे त्याला कळलं, आणि मोठ्यातून लहान वजा करायचं हा नियम लावून त्याने संख्यांची अदलाबदल केली. प्रत्येक पायरीवर तो विचार करूनच चालला होता. एका वाक्यात मी त्याच्या कानाला दोन दिशा दिल्या आणि दिशा बदलल्याचं सांगितलं नाही.

*

आपले आकडे किती विचित्र आहेत, हे शिकवायला लागल्याशिवाय कळत नाही. पंचवीस, छत्तीस, सत्तेचाळीस यांत एकक आधी येतो आणि दशक नंतर. एकोणतीसमध्ये एककही नाही आणि वीसही नाही, तिथे तीसला एक कमी असं सांगितलेलं आहे. एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते आणि नव्व्याण्णवला मोडते. त्यात पुन्हा दशकांची रूपं बदलतात : सत्तर, पण त्र्याहत्तर, नव्वद, पण त्र्याण्णव. मोठ्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही, कारण शंभर आकडे त्याला शंभर नावांसारखे पाठ असतात. मूल अजून नावं फोडून बघत असतं.

इंग्रजीही सगळी सरळ नाही. वीसच्या पुढे ट्वेन्टी-वन, ट्वेन्टी-टू असं दशक आधी येतं. पण फोर्टीन, सिक्स्टीन, नाइन्टीन यांत एककच पुढे. फोर्टीन ऐकून ४१ लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. थर्टीन आणि थर्टी यांची गल्लत तर रोजची.

*

असं ८२ दिसलं की लगेच 'स्थानिक किंमत समजलेली नाही' असा शेरा मारायची मला सवय होती. आता आधी दहा मिनिटांची परीक्षा घेते. दहा संख्या निवडते. त्यांत ३३, ४४ सारख्या जुळ्या घेत नाही, पण ३७ आणि ७३, २८ आणि ८२ अशा आरशातल्या जोड्या मुद्दाम घेते. पहिल्या दिवशी त्या मराठीत सांगून लिहून घेते. दुसऱ्या दिवशी त्याच संख्या क्रम बदलून इंग्रजीत सांगते. तिसऱ्या दिवशी काहीच न बोलता कार्ड दाखवते आणि काड्यांच्या दहाच्या गठ्ठ्यांनी आणि सुट्या काड्यांनी संख्या मांडायला सांगते.

मराठीत आकडे उलटले, इंग्रजीत नाहीत आणि काड्यांतही नाहीत, तर अडचण फक्त कानात आहे. तिन्ही वेळा उलटले, तर दशक आणि सुटे ही गोष्टच अजून पक्की नाही आणि तिथे भाषा बदलून काही होणार नाही. पेरूवाल्या मुलाने काड्या बरोबर मांडल्या : दोन गठ्ठे, आठ सुट्या. त्याला अठ्ठावीस समजत होतं. फक्त तो आवाज कागदावर उलटा उतरत होता.

चेक भाषेत पंचवीस दोन्ही क्रमांनी म्हणता येतं, आधी वीस किंवा आधी पाच. तिथल्या लहान मुलांना दोन्ही रीतींनी आकडे सांगून संशोधकांनी चुका मोजल्या. मुलं तीच होती, तरी एकक आधी सांगितला की चुका वाढल्या.

*

आता ३५. हे मला जास्त अवघड गेलं.

त्या मुलीच्या वहीत दोन्ही संख्या बरोबर होत्या. वर ७३, खाली २८. वरच्या ७ वर रेघ मारून ६ केलेला, ३ चे १३ केलेले. १३ मधून ८ गेले, उरले ५. इथपर्यंत मी शिकवल्याप्रमाणे. पण खालच्या २ जवळ तिने बारीक १ लिहून त्याचे ३ केले होते. ६ मधून ३ गेले, उरले ३. पस्तीस.

घरी कोण शिकवतं असं विचारल्यावर उलगडा झाला. आजोबा. त्यांची रीत जुनी : वरच्या तीनला दहा उसने दिले की खालच्या दोनला एक परत द्यायचा. वरच्या संख्येत दहा सुटे वाढले, खालच्या संख्येत एक दशक वाढला, फरक तेवढाच राहिला. सातमधून तीन, चार. पंचेचाळीस. ही रीत पूर्ण बरोबर आहे आणि 'उसनं' या शब्दाशी इमान राखणारी आहे, कारण घेतलेलं ती परत करते.

शाळेत मी सांगते, "बॉरो वन टेन." यात वरच्याच संख्येतला एक दशक सोडून त्याचे दहा सुटे करायचे असतात. खालच्या संख्येला हात लावायचा नाही. परत द्यायचा प्रश्नच नाही.

मुलीने दोन्ही केलं. दशक वरूनही कमी केला आणि खालीही वाढवला. म्हणून उत्तर बरोबर दहाने कमी आलं. अशा वजाबाकीत उत्तर नेमकं दहाने कमी दिसलं की आता मी आधी घरचा शिक्षक शोधते.

यातलं खरं बिंग असं की मीच वर्गात म्हणत होते, "बॉरो म्हणजे उसना घ्या." माझ्या लेखी ते शब्दाचं भाषांतर होतं. तिच्या लेखी 'उसना' हे आजोबांच्या अख्ख्या रीतीचं नाव होतं. मी एक शब्द बदलला आणि तिने त्यासोबत पद्धत आणली.

तिला 'आजोबांचं चूक' असं सांगितलं नाही. एकाच पानावर दोन उभे रकाने केले, डावीकडे आजोबांची रीत, उजवीकडे शाळेची. दोन्हींत ४५ आले. मग तिला सांगितलं, गणित ज्या रकान्यात सुरू करशील त्याच रकान्यात संपव. 'बॉरो'साठी मी आता वर्गात 'गठ्ठा सोडा' म्हणते. उसनं हा शब्द आजोबांच्या रकान्यासाठी राखून ठेवलाय.

*

माझे आजोबा निजामाच्या राज्यात शाळेत गेले. वरच्या वर्गांत माध्यम उर्दू. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेच उर्दू माध्यमाचं. आजोबा म्हातारपणीही बेरजेला जमा, वजाबाकीला तफ्रीक, गुणाकाराला जरब आणि भागाकाराला तकसीम म्हणत. पण पाढे मात्र मराठीत, बे एके बे. हिशेब करताना ओठ मराठीत हलायचे आणि उत्तर उर्दूत बाहेर पडायचं.

त्यांचा गोंधळ होत नसे. एक तर उर्दूतही पच्चीस, छत्तीस असा एकक आधीच असतो, त्यामुळे आकड्यांची दिशा मोडत नव्हती. आणि दुसरं, कुठलं काम कुठल्या भाषेत करायचं याची वाटणी वर्षानुवर्षं ठरलेली होती. पाढ्याच्या मधोमध ते भाषा बदलत नसत.

शुद्ध मराठीत गणित शिकवा म्हणणाऱ्यांनी 'वजाबाकी' हा शब्द एकदा फोडून बघावा. वजाही अरबीतून आलेला आणि बाकीही.

*

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी रीत आली, 'वीस एक', 'साठ तीन' अशी. जुनी नावंही सोबत होती. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं : जोडाक्षरांची ही नावं लहान मुलांना जड जातात, आणि ऐकण्याचा क्रम लिहिण्याच्या क्रमाच्या उलट असल्याने चुका होतात. दक्षिणेतल्या भाषांत आणि इंग्रजीत दशक आधी येतं, हेही त्यांनी दाखवून दिलं.

त्यावर राज्यभर गदारोळ झाला. भाषा मोडली, पाढे बुडाले अशी ओरड झाली. विधानसभेत आडनावांवरून कोट्या झाल्या. पेरूवाल्या मुलाबद्दल मात्र कुणी बोललं नाही.

मला स्वतःला 'सत्तर तीन' कायमचं नको. दुकानात, तिकिटाच्या खिडकीवर, आजीच्या तोंडी त्र्याहत्तरच ऐकू येणार आहे. पण पूल म्हणून ते उत्तम आहे. मी असं म्हणून घेते : त्र्याहत्तर, सत्तर आणि तीन, सेव्हन्टी-थ्री. मधलं पद इंग्रजीच्या क्रमाचं आहे आणि मराठीच्या शब्दांचं. महिनाभराने ते आपोआप गळून पडतं.

*

नॉर्वेत असाच प्रश्न होता. तिथेही लोक 'पाच आणि वीस' म्हणत. तिथल्या संसदेच्या निर्णयाने १ जुलै १९५१ पासून 'वीस पाच' ही अधिकृत रीत झाली. त्यामागचं मोठं कारण टेलिफोन. क्रमांक सांगताना आणि ऐकताना आकडे उलटत होते. म्हातारी माणसं जुनंच बोलत राहिली आणि दोन्ही रीती पुढे कित्येक वर्षं सोबत नांदल्या.

आपण संसदेत न जाता हेच केलंय. मोबाइल नंबर सांगताना चांगली मराठी बोलणारा माणूसही 'नाइन एट डबल टू' म्हणतो. अठ्ठ्याण्णव ऐकून कागदावर आधी आठ लिहून डावीकडे नऊ लिहिता येतो, पण मोबाइलच्या बटणांवर मागे जाता येत नाही. अशा वेळी भाषा बदलणं हा शहाणपणा आहे. तिथे सगळा नंबर एकाच भाषेत सांगितला जातो, हे महत्त्वाचं.

*

येडशीवरून सोलापूर-धुळे रस्ता जातो, बार्शी-लातूर रस्ता जातो, मिरजेहून लातूरला जाणारी रेल्वे जाते. त्यामुळे वर्गात पोरं कुठून येतील सांगता येत नाही. यंदा एक मुलगा उमरग्याच्या पलीकडून, कर्नाटकाच्या हद्दीतून आला. घरी कन्नड.

मराठी माध्यमाच्या नियमाने मी त्याला इंग्रजी आकडा अडला की मराठीत सांगायचे. तो आणखी गोंधळायचा. चार दिवसांनी डोक्यात उजेड पडला. कन्नडमध्ये पंचवीसला इप्पत्तैदु, म्हणजे आधी वीस आणि मग पाच. अगदी इंग्रजीसारखं. त्याच्यासाठी ट्वेन्टी-फाइव्ह ही घरची वाट होती आणि पंचवीस ही परकी. मी मदत म्हणून त्याला सरळ रस्त्यावरून काढून उलट्या रस्त्याला लावत होते.

इंग्रजी अडलं की मराठीत सांगा, हा उपाय ज्याच्या घरी मराठी आहे त्याच्यापुरताच उपाय आहे.

*

एका शाळेत तास बघायला गेले होते. शिक्षक उत्साही. "टेक द ट्रँगल, त्रिकोण घ्या. मेजर इट्स साइड्स, त्याच्या बाजू मोजा. राइट द आन्सर, उत्तर लिहा." प्रत्येक वाक्य दोनदा, न चुकता.

मी मुलांचे हात बघत होते. इंग्रजी अर्धं वाक्य चालू असताना एकही हात हलत नव्हता. मराठी अर्धं सुरू झालं की पट्ट्या बाहेर. मुलांना पक्कं ठाऊक होतं की इंग्रजी संपण्याची वाट पाहिली की काम भागतं. अमेरिकेतल्या द्विभाषिक वर्गांत लिली वाँग फिल्मोर यांनी हेच टिपलं होतं : लगेच भाषांतर मिळतं म्हटल्यावर मूल न कळणारी भाषा ऐकणंच सोडतं. तीन वर्षं अशी गेली तर मुलाच्या पदरात इंग्रजी पडत नाही, आणि गणिताचा निम्मा वेळ मात्र गेलेला असतो.

घरी येऊन माझा स्वतःचा तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला. मीही तेच करत होते.

*

त्यानंतर एक चाचणी स्वतःला लावली. इंग्रजीत एक सूचना द्यायची, "ओपन वन बंडल," आणि गप्प बसायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. किती हात हलले? सात-आठ हलले तर भाषांतराची गरज नाही, बाकीचे शेजाऱ्याचं बघून करतील आणि ते चालतं. एक-दोनच हलले तर पुन्हा तेच वाक्य इंग्रजीत, पण सोबत गठ्ठा हातात घेऊन. तरीही नाही, तर मग मराठी, आणि मराठीत बोलायचं तर अर्ध्या वाक्यापुरतं नाही, सगळी गोष्ट सावकाश सांगायची.

ही दहा सेकंदांची शांतता फार जड जाते. तिला घाबरूनच आपण भाषांतर करतो.

*

"समजलं का?" "होऽऽऽ."

"सो द आन्सर इज फॉर्टी...?" "फाइव्ह!"

हा कोरस ऐकून पूर्वी बरं वाटायचं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात झुलू मुलांचा इंग्रजीतून चाललेला गणिताचा तास कीथ चिक यांनी बारकाईने ऐकला. शिक्षक वाक्य अर्धवट सोडायचे, मुलं एका सुरात पूर्ण करायची. कुणाचीच फजिती होत नसे आणि फारसं कुणी काही शिकतही नसे. याला त्यांनी 'सुरक्षित बोलणं' असं नाव दिलं.

कोरस ओळखायची खूण सोपी आहे. मुलांनी म्हटलेला शब्द माझ्या आवाजाच्या चढ-उतारावरून ओळखता येत होता का? फॉर्टीवर मी सूर लांबवला की पुढे एकच आकडा राहतो. तिथे भाषा कुठलीही असली तरी मूल गणित करत नाही, सूर पुरा करतं.

*

शाबासकी इंग्रजीत, रागावणं मराठीत. "व्हेरी गुड" आणि "अक्कल आहे का?" महिनाभर मोजलं, माझंही असंच निघालं. कुठली भाषा कशासाठी असते, हे मुलं यातूनही शिकतात.

*

पाचवीच्या वर्गावर बदली तास. अपूर्णांक. प्रश्न घातला, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? पुस्तकाच्या भाषेत, "वन अपॉन थ्री ऑर वन अपॉन फोर?" निम्म्या वर्गाने 'वन अपॉन फोर' सांगितलं. चार तीनपेक्षा मोठा, झालं.

'अपॉन' हा शब्द फक्त कागद दाखवतो : एकावर एक लिहिलंय. त्यात तुकड्यांबद्दल काहीच नाही. मी मराठीत गेले. छेद म्हणजे काय? काप. छेद तीन म्हणजे भाकरीचे तीन तुकडे केले, छेद चार म्हणजे तिचेच चार. अंश म्हणजे त्यांतले घेतले किती. आता कुठला तुकडा मोठा?

"तीनातला. चारात लई बारीक व्हतंय."

इथे मराठीचा फायदा भावनेचा नव्हता. त्या शब्दातच कृती आहे. लघुकोन, विशालकोन यांतही अर्थ शब्दातच दिसतो. मात्र लसावि आणि मसावि यांना हा फायदा नाही. ती आद्याक्षरं झाली आणि एलसीएमइतकीच मुकी आहेत. मराठी शब्द म्हणजे समजणारा शब्द, असं धरून चालू नये.

आणि तिथेच थांबायचंही नाही, कारण पेपरात 'डिनॉमिनेटर' येणार आहे. म्हणून भाकरी संपल्यावर मुलांकडून उलट वाट चालवून घेतली : छेद दाखवा, आता त्याला इंग्रजीत काय म्हणाल, आता इंग्रजीतच सांगा की तो वाढला तर तुकड्याचं काय होतं. "डिनॉमिनेटर बिग, पीस स्मॉल." व्याकरण नंतर बघू.

*

लिपीचं एक. मराठीतला चार आणि इंग्रजीतला आठ घाईत सारखे दिसतात. मराठीतला एक आणि इंग्रजीतला नऊ तसेच. एका मुलाची बेरीज चारने चुकली होती. त्याने रकाना मराठी आकड्यांत सुरू केला आणि फळा बघून इंग्रजी आकड्यांत पुढे नेला. पुन्हा वाचताना स्वतःचाच चार त्याने आठ वाचला. आता एक नियम : एका गणितात एकच लिपी. कुठली, ते तू ठरव.

*

बाजारात चौथीतली एक मुलगी आईसोबत भेटली. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "पावणेदोनशे झाले." मुलीने आईकडे पाहिलं. पाढे तिला थर्टीनपर्यंत येतात आणि वन सेव्हन्टी-फाइव्ह म्हटलं असतं तर तिने नोटा मोजून दिल्या असत्या. पावणे म्हणजे पाव कमी, दोनशेला शंभराचा पाव कमी, म्हणजे पंचवीस कमी. सव्वाशे, दीडशे, अडीचशे, पावणेदोनशे : आपल्या भाषेतलं हे सगळं अपूर्णांकांचं गणित बाजारात रोज तोंडी चालतं आणि वर्गात एकदाही येत नाही.

सोमवारी फळ्यावर भावांची यादी लिहिली. भाजीवाली मराठीत बोलणार, गिऱ्हाईक वहीत इंग्रजीत हिशेब लिहिणार. वेल्समध्ये केन विल्यम्स यांनी १९९०च्या दशकात हीच युक्ती मांडली होती, एका भाषेत घ्यायचं आणि दुसरीत द्यायचं. तिथे वाचन इंग्रजी आणि लेखन वेल्श, इथे वांगी आणि शेवगा. अर्थ समजल्याशिवाय भाषा ओलांडताच येत नाही, म्हणून यात भाषांतराची वाट बघणारं मूल लगेच उघडं पडतं. ओलांडायचं काम मुलाचं, माझं नाही.

*

स्वतःसाठी लिहून ठेवलेलं, टेबलाच्या काचेखाली :

एका गणितातले सगळे आकडे एका भाषेत. भाषा बदलायची तर आकडा सांगून झाल्यावर, पायरी संपल्यावर. संख्येच्या पोटात किंवा हातचा घेताना नाही. बदलताना मोठ्याने सांगायचं, "आता मराठीत बोलू." मराठीत समजावलेलं मुलाकडून इंग्रजीत परत घ्यायचं, त्याआधी पुढचं पान उलटायचं नाही.

*

तोंडी गणितं. "चौऱ्याऐंशी," मी म्हणाले. पेरूवाल्या मुलाने पेन्सिल टेकवली आणि थांबला. "मॅडम, ह्ये मराठीतलं का इंग्रजीतलं?"

वर्ग हसला. मराठीतलं आहे हे त्याला ऐकूच आलं होतं. त्याला विचारायचं होतं की कुठून लिहायला घेऊ. त्याने एका आकड्याची जागा सोडून आधी चार लिहिला, मग डावीकडे आठ.

*

तांड्यावरची एक मुलगी दिवाळीनंतर आईबापासोबत कारखान्याकडे ऊसतोडीला गेली होती, ती आता परत आलीय. घरी गोरमाटी. मराठी तिची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. गठ्ठा सोडायची वजाबाकी तिच्या गैरहजेरीत होऊन गेली. मी तिला मराठीत दोनदा समजावलं. मान हलली, वही हलली नाही.

मधल्या सुट्टीत तांड्यावरचीच दुसरी मुलगी तिला घेऊन व्हरांड्यात बसली. मधे काड्यांचे सात गठ्ठे आणि तीन सुट्या. दोघी गोरमाटीत बोलत होत्या, मला शब्द लागत नव्हते. मी दारातून नुसती बघत होते. शिकवणारीने सुट्या तीनवर बोट ठेवलं, आठ काढायच्यात अशी खूण केली आणि थांबली. दुसरीने एका गठ्ठ्याचा रबर काढला. दहा काड्या त्या तीन सुट्यांत मिसळल्या. मग शिकवणारीने उरलेल्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"छो," ती म्हणाली.

गोरमाटीतले दहापर्यंतचे आकडे मला येतात. छो म्हणजे सहा.